दिसेल त्याची बढती

हिंजवडीत बसून न्यू जर्सीतल्या विमा कंपनीचं काम करता येतं. सांगलीत बसून हिंजवडीतल्या कंपनीचं काम करता येतं का, याबद्दल मात्र आपल्या आयटी साहेबांच्या मनात अजून शंका आहे.

गंमत बघा. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला आपण वर्षानुवर्षं एकच गोष्ट पटवत आलो: माणूस कुठे बसतो ते बघू नका, काम होतंय ना ते बघा. गिऱ्हाइकाला ते पटलं. त्या पटण्यावर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. आता त्याच इमारतींत बसून एचआरवाले कर्मचाऱ्यांना सांगतात की माणूस कुठे बसतो याला फार महत्त्व आहे. बारा हजार किलोमीटरचं अंतर चालतं, अडीचशेचं चालत नाही.

चालत नाही म्हणजे काम चालत नाही असं नव्हे. काम उत्तम चालतं. अडतं ते बढतीपाशी. घरून काम करणाऱ्यांची कुरकूर अशी की राबतो आम्ही आणि वर चढतो तो, जो साहेबांच्या टेबलासमोरून दिवसातून चार वेळा पाण्याची बाटली भरायला जातो. साहेबांचं म्हणणं असं की हा सगळा मनाचा खेळ आहे, बढती गुणवत्तेवरच मिळते.

हा खेळ कोणाच्या मनाचा, हे पाहायला शांघायला जावं लागेल.

तिथे सीट्रिप नावाची प्रवास-आरक्षणाची मोठी कंपनी होती. पुढे तिचं नाव ट्रिप डॉट कॉम झालं. तिचे एक संस्थापक जेम्स लियांग हे अमेरिकेत स्टॅनफर्डला अर्थशास्त्रात पीएचडी करत होते. तिथले प्राध्यापक निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी आपल्याच कॉल सेंटरमध्ये एक प्रयोग लावला. घरून काम करायला राजी असलेल्यांतून अटींत बसणारे 249 जण निवडले. अटी साध्या होत्या: नोकरीत सहा महिने झालेले हवेत, घरात स्वतंत्र खोली हवी, इंटरनेट धड हवं. मग सगळ्यांसमोर चिठ्ठी काढली. जन्मतारीख सम असेल त्याने आठवड्यातले चार दिवस घरून काम करायचं, विषम असेल त्याने पाचही दिवस ऑफिसात. म्हणजे कामसू लोकांनी घर निवडलं किंवा आळशांनी निवडलं, असं म्हणायची सोयच उरली नाही. जे काही ठरवलं ते जन्मतारखेने.

प्रयोग डिसेंबर 2010 मध्ये सुरू झाला आणि नऊ महिने चालला. घरी बसलेल्यांचं काम 13 टक्क्यांनी वाढलं. त्यातला मोठा भाग कमी सुट्ट्या आणि कमी विश्रांतीतून आला, उरलेला मिनिटामागे जास्त कॉल घेतल्यामुळे. नोकरी सोडून जाण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. कुठल्याही मालकाने पेढे वाटावेत असा निकाल.

आणि बढती? तेवढंच काम करणाऱ्या ऑफिसवाल्यांशी तुलना केली, तर घरी बसलेल्यांची बढतीची शक्यता कमी झालेली होती.

लक्षात घ्या, हे कॉल सेंटर होतं. इथे काम मोजता येत नाही, अशी सबब चालत नाही. किती कॉल घेतले, किती आरक्षणं झाली, सगळं यंत्र मोजत होतं. आकडा साहेबांच्या समोर होता, माणूस नव्हता. साहेबांनी माणूस निवडला.

संशोधकांनी पूर्ण दोष साहेबांवर टाकलेला नाही, हेही सांगायला हवं. टीमचं नेतृत्व करायला माणसांत मिसळावं लागतं आणि घरी बसून ते कमी जमलं असेल, ही एक शक्यता. बढती घेतली तर पुन्हा ऑफिसात यावं लागेल म्हणून काहींनी ती नकोच म्हटलं असेल, ही दुसरी. पण एक गोष्ट बोलकी आहे. प्रयोग संपल्यावर कुठे बसायचं ते तुम्हीच ठरवा असं सांगितलं, तेव्हा घरी बसलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे मुकाट्याने ऑफिसात परतले. एकटेपणाला कंटाळले होतेच, शिवाय विसरले जाण्याची भीतीही होती.

आता शांघायहून पुण्यात येऊ. आपल्याकडे हे नेमकं कुठे घडतं, ते फार थोड्यांना ठाऊक असतं, कारण ते ज्या खोलीत घडतं तिथे ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय त्याला बोलावत नाहीत. त्या खोलीतल्या कार्यक्रमाला नॉर्मलायझेशन म्हणतात.

कर्मचाऱ्याला वाटतं की आपण सेल्फ-अप्रेझलचा फॉर्म भरला, मॅनेजरने रेटिंग दिलं, झालं अप्रेझल. छे! ते रेटिंग म्हणजे नुसता अर्ज. मग एका विभागातले सगळे मॅनेजर, त्यांचा डिलिव्हरी हेड आणि एचआर एका खोलीत बसतात. पडद्यावर एक्सेल उघडतं. वरच्या रेटिंगच्या जागा ठरलेल्या, बढतीच्या त्याहून कमी. प्रत्येक मॅनेजरने आपली माणसं वर लिहून आणलेली, त्यामुळे काहींना खाली ओढावं लागतं. कोणाला ओढायचं, एवढाच प्रश्न.

एक जोडी घेऊ. नावं देत नाही, तुमच्या ऑफिसातली घाला.

ती सांगलीहून काम करते. विमा-दाव्यांची एक रोजची बॅच होती, महिन्यातून दोनदा हमखास पडायची. पडली की टीममधल्या कोणीतरी उठून ती हाताने पुन्हा चालवायची, हा रिवाज. हिने दोन आठवडे लॉग चाळले. एकाच पॉलिसीची नोंद दोनदा येते तेव्हा बॅच पडते, हे शोधलं आणि ती नोंद आधीच बाजूला काढणारी तपासणी लिहिली. ऑक्टोबरपासून बॅच एकदाही पडली नाही. पडली नाही म्हणून तिकीट उघडलं नाही. तिकीट उघडलं नाही म्हणून कोणाला मेल गेली नाही. मेल गेली नाही म्हणून वरपर्यंत काही पोचलं नाही.

तो वाकडला राहतो, रोज ऑफिसात येतो. फेब्रुवारीत एक रिलीज बोंबलला. चूक त्याच्याच कोडमध्ये होती, पण ती सापडेपर्यंत रात्रीचे अकरा वाजले. डिलिव्हरी हेड स्वतः थांबले होते. कोणीतरी वडापाव मागवले. साडेबाराला सिस्टीम उभी राहिली, टाळ्या पडल्या, दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाची आभाराची मेल आली आणि ती सगळ्यांना फॉरवर्ड झाली.

आता खोलीत चला. एक्सेलमध्ये तिची ओळ आली. मॅनेजर म्हणाला, ''खूप सिन्सिअर आहे. काही इश्यू नाही.'' हेडने विचारलं, ''ही कोण?'' मॅनेजर म्हणाला, ''सर, ती सांगलीहून काम करते ती.'' हेड म्हणाले, ''अच्छा.''

पुढची ओळ त्याची. मॅनेजरने तोंड उघडायच्या आत हेड म्हणाले, ''हा तोच ना, त्या रात्री थांबलेला? चांगला आहे पोरगा. ओनरशिप घेतो.''

संपलं. आग लागू न देणारीला 'काही इश्यू नाही', आणि आग लावून विझवणाऱ्याला ओनरशिप. त्या खोलीत कोणी दुष्ट नव्हतं. मॅनेजरला तिच्याबद्दल आकस नव्हता, हेडना तर ती माहीतही नव्हती. एवढंच झालं की त्याच्याबद्दल सांगायला एक गोष्ट होती आणि तिच्याबद्दल एक विशेषण. एका माणसामागे मिनिट-दोन मिनिटं मिळतात तिथे गोष्टच जिंकते. बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं असं म्हणतात. इथे तर सोनं सांगलीत आणि बोलायची जबाबदारी दुसऱ्यावर.

आणखी दोन गोष्टी त्या खोलीत घडतात, पण मिनिट्समध्ये येत नाहीत.

पहिली अशी. ज्याचं रेटिंग खाली ओढायचं, त्याचं तोंड उद्या बघायचंय. ऑफिसात येणारा फुगून समोरच बसणार, कँटीनमध्ये चार जणांना सांगणार, मॅनेजरला लिफ्टमध्ये गाठणार. सांगलीवालीला पंधरा मिनिटांचा एक कॉल लावला की काम भागतं, आणि तिचा कॅमेरा बंद असेल तर आणखी बरं. दोघांपैकी एकालाच नाराज करायचं असेल तर माणूस लांबच्याला करतो. सोयीचं असतं.

दुसरी जास्त लबाड. कोणीतरी म्हणतं, ''तिला घरून काम दिलंय ना!'' म्हणजे प्रसाद आधीच मिळालाय, पुन्हा रांगेत कशाला? घरून काम ही सवलत मानली की ती पगारात आणि पदात वळती होते. शिवाय जिला सांगलीतून काम करायला मिळतंय, ती कुठे नोकरी सोडून जाणार? न जाणाऱ्या माणसाला थांबवायला बढती खर्च करायची नसते. लहान मूल असेल, घरी आजारी सासरे असतील, तर विचारायलाच नको.

मग तिला कॉल येतो. ''तुझं काम मस्त आहे. फक्त व्हिजिबिलिटी वाढव.'' हा सल्ला ऐकून ती काय करते? टीम्सवरचा हिरवा ठिपका सांभाळते. तो पाच मिनिटं हात लागला नाही की पिवळा होतो, म्हणून जेवताना माऊस हलवते. रात्री साडेदहाला मेल पाठवते. मीटिंगमध्ये ''मला एक ॲड करायचंय'' म्हणते. बिचारीला वाटतं दिसणं म्हणजे हे.

ते तसं नाही. किम्बर्ली एल्सबॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये ऑफिसातल्या नुसत्या दिसण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसतं दिसणं म्हणजे काय करतोय ते माहीत नाही, बोलणं नाही, फक्त माणूस जागेवर आहे एवढं नजरेला पडणं. कामाच्या वेळेत दिसला की बघणारा त्याला जबाबदार, भरवशाचा ठरवतो. संध्याकाळी उशिरा किंवा सुट्टीच्या दिवशी दिसला की निष्ठावान, झोकून देणारा ठरवतो. आणि बघणाऱ्याला आपण असं काही ठरवलंय याचा पत्ताही नसतो. साहेब खोटं बोलत नाहीत हो! त्यांना खरंच वाटतं की आपण गुणवत्ता पाहिली. ठिपका हिरवा असला म्हणून कोणाच्या डोक्यात 'भरवशाचा' असा शिक्का पडत नाही. तो शिक्का माणूस बघून पडतो.

हायब्रिडवाल्यांनी यावर हसू नये. त्यांची तर वेगळीच फजिती. सहा जण कॉन्फरन्स रूममध्ये, दोघं भिंतीवरच्या पडद्यात. माइक एकच, टेबलाच्या मध्यावर, त्यात चिप्सच्या पाकिटाचा आवाज माणसाच्या आवाजापेक्षा स्पष्ट. तासभर चर्चा होते, ठरत काही नाही. मग सगळे ''थँक्यू, बाय'' म्हणतात, पडद्यातले दोघं लीव्ह दाबतात आणि खोलीतले सहा जण उठता उठता दारात थांबतात. ''मी काय म्हणतो, ते मॉड्यूल त्यालाच देऊन टाकू.'' खरी मीटिंग ती, दीड मिनिटाची. नव्या मॉड्यूलचा लीड तिथे ठरतो आणि वर्षभराने बढतीच्या खोलीत 'याने मॉड्यूल लीड केलं' अशी गोष्ट तयार असते. बढती मार्चमध्ये जात नाही, ती आदल्या जूनमध्ये त्या दारात गेलेली असते.

काही कंपन्यांनी हे सगळं सोपं करून टाकलं. अमेरिकेत डेलने 2024 मध्ये कर्मचाऱ्यांना सरळ कळवलं: रिमोट राहायचं तर राहा, बढती मिळणार नाही. मला हा प्रामाणिकपणा आवडला. इतर जे मनात ठेवतात ते यांनी कागदावर आणलं. बातम्यांनुसार तिथल्या जवळजवळ निम्म्या लोकांनी तरीही घरच निवडलं. बढतीचा धाक दाखवला तर लोक बढतीवरच पाणी सोडतील, हे बहुधा कोणाच्या एक्सेलमध्ये नव्हतं.

आपल्याकडे टीसीएसने 2024 मध्ये तिमाहीचा व्हेरिएबल पे हजेरीला बांधला: हजेरी 60 टक्क्यांच्या खाली गेली तर शून्य, पूर्ण हवा असेल तर 85 च्या वर. पण हजेरी आणि नजर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्ड यंत्राला दिसतं, साहेबांना नाही. आणि साहेब मुळात आहेत कुठे? वाकडच्या पुलावर तासभर घालवून माणूस ऑफिसात पोचतो, हेडफोन लावतो आणि दिवसभर बंगळुरूच्या मॅनेजरशी पडद्यावर बोलतो. हा ऑफिसात येऊनही रिमोटच. याला दोन्हीकडची शिक्षा: प्रवास ऑफिसवाल्याचा आणि बढती घरवाल्याची.

म्हणजे यावर इलाज नाही? आहे, आणि तोही त्याच शांघायच्या कंपनीतून आलेला. ब्लूम आणि लियांग यांनी 2021 मध्ये तिथे दुसरा प्रयोग केला. या वेळी कॉल सेंटर नव्हतं. इंजिनिअर, मार्केटिंग, फायनान्स अशी पदवीधर मंडळी, एकूण 1612. पुन्हा जन्मतारीख. एका गटाला बुधवार आणि शुक्रवार घरून काम करायची मुभा, दुसऱ्याला पाचही दिवस ऑफिस. 2024 मध्ये नेचरमध्ये निकाल छापून आले: नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने घटले आणि दोन वर्षांच्या मूल्यमापनात किंवा बढत्यांत दोन गटांमध्ये फरक दिसला नाही.

कंपनी तीच, मालक तेच. पहिल्या वेळी बढती मार खाते, दुसऱ्या वेळी नाही. असं का? पहिल्या प्रयोगात माणूस आठवड्यातून एकदाच दिसत होता, दुसऱ्यात तीनदा. काम आणि माणसंही वेगळी होती, त्यामुळे सगळं श्रेय दिवसांना देता येणार नाही. पण पाच दिवसवाल्याला तीन दिवसवाल्यापेक्षा जास्त काही मिळालं नाही, एवढं दिसतं. म्हणजे पाचही दिवस या, नाहीतर मागे पडाल, ही धमकी पोकळ आहे. आणि आठवड्यातून एकदा तोंड दाखवलं की पुरे, हा भ्रमही तितकाच पोकळ.

साहेबांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. नव्या पोरांना शिकवणं, अडलेल्याच्या खुर्चीमागे उभं राहून दोन मिनिटांत गाठ सोडवणं, हे ऑफिसात जास्त घडतं, आणि लीड निवडताना ते धरायलाच हवं. पण मग ते लिहा. कोणी किती जणांना शिकवलं, कोणाचे कोड रिव्ह्यू कामाला आले, ते फॉर्ममध्ये आणा. सांगलीवालीनेही दोन फ्रेशर शेअर-स्क्रीनवर तयार केले असतील, ते कळेल तरी. 'टीममध्ये असतो' हे निकष म्हणून चालणार नाही. पंखाही टीममध्येच असतो.

कंपनीला खरंच तपासायचं असेल तर एचआरच्या एका दुपारचं काम आहे. मॅनेजरने नॉर्मलायझेशनच्या आधी दिलेलं रेटिंग, नंतरचं रेटिंग आणि बढती, हे तीन रकाने घ्या आणि घरवाले, ऑफिसवाले वेगळे करा. आधीची रेटिंग सारखी आणि नंतरची वेगळी असतील, तर पाणी त्या खोलीत मुरतंय. नंतरचीही सारखी आणि बढत्या वेगळ्या असतील, तर मॉड्यूल वाटपात, म्हणजे त्या दारात. आधीचीच वेगळी असतील, तर दोन शक्यता आहेत: काम खरंच कमी पडलं, किंवा मॅनेजरची नजर. मग त्यांची कामं काढून शेजारी शेजारी ठेवा. हा तक्ता बहुतेक कंपन्यांकडे नसतो. डेटा असतो. तक्ता काढायचा धीर नसतो.

कंपनी काढेल तेव्हा काढेल. सांगलीवालीने माऊस हलवणं सोडावं आणि मॅनेजरला गोष्ट पुरवावी. महिन्याला चार ओळी: काय बिघडत होतं, मी काय केलं, त्यानंतर काय थांबलं, आणि हे कोणाला विचारता येईल. 'बॅच स्टेबल केली' असं लिहू नये. 'ही बॅच महिन्यातून दोनदा पडायची, ऑक्टोबरपासून एकदाही नाही' असं लिहावं. जे घडलं नाही त्याचा हिशेब दुसरं कोणी ठेवत नाही. ऑफिसात जायचा दिवस पार्किंग बघून ठरवू नये, मॅनेजर आणि त्याचा मॅनेजर दोघं कधी असतात ते बघून ठरवावा. आणि मीटिंग संपली की लीव्ह दाबायची घाई करू नये. पडद्यावर बसून राहावं. दारातलं बोलणं ऐकू येतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मॅनेजरला एक प्रश्न जानेवारीत विचारावा. एप्रिलमध्ये विचारलेला प्रश्न तक्रार ठरतो, जानेवारीतला नियोजन. प्रश्न असा: ''त्या खोलीत माझ्याबद्दल कोण बोलणार, आणि काय बोलणार?''

उत्तर नेमकं आलं, तर बरं आहे. ''अगं, तू काळजी करू नकोस, मी आहे ना!'' असं आलं, तर रेझ्युमे अपडेट करायला घ्यावा. दुसऱ्या कंपनीच्या मुलाखती आता घरबसल्याच होतात. तिथे कोणी विचारत नाही तुम्ही कुठे बसलात ते.